कच्चं सफरचंद खाजतं, शिजवलेलं चालतं: बर्चच्या परागाचं एक प्रकरण

रुग्णाचं वय ३५. मूळचा नाशिकचा, गेली सात वर्षं जर्मनीत श्टुटगार्टला नोकरी. तक्रार अशी की कच्चं सफरचंद खाल्लं की तीन-चार मिनिटांत ओठ चुणचुणतात, टाळूला आणि जिभेला खाज सुटते, कानात खोलवर खाजतं आणि घशाशी काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. पाणी पिऊन, चूळ भरून फारसा फरक पडत नाही, पण अर्ध्या तासात सगळं आपोआप ओसरतं. गाजराचे कच्चे तुकडे खाल्ले तरी हेच होतं, जरा कमी. गाजराचा हलवा मात्र वाटीभर खाल्ला तरी काही होत नाही. सांबारातलं गाजर, सफरचंदाचा केक, बाटलीबंद सफरचंदाचा रस, यातलं काहीच त्रास देत नाही.

(हा कोणी एक विशिष्ट माणूस नाही. बर्चची झाडं असलेल्या प्रदेशात अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांपुढे वारंवार येणारं चित्र इथे एका रुग्णात गोळा केलं आहे. तपासण्यांचे आकडेही अशा रुग्णांत दिसतात त्याच बेताचे घेतले आहेत.)

त्याचा स्वतःचा अंदाज होता की सफरचंदावरचं मेण किंवा फवारणी बाधते. हा अंदाज जवळजवळ प्रत्येक जण करतो. त्याने गरम पाण्याने धुऊन पाहिलं, साल काढून पाहिलं, सेंद्रिय सफरचंदं आणून पाहिलं. साल काढल्यावर खाज थोडी कमी झाली, पण थांबली नाही. सालीत दोषी प्रथिन जास्त असतं आणि गरातही भरपूर असतं, त्यामुळे असंच व्हायचं. धुण्याचा तर प्रश्नच येत नाही, कारण जे खाजवतं ते फळाच्या पेशींच्या आत आहे.

आपल्याकडे तोंड खाजलं की आधी सुरण आणि अळू आठवतं. तो मामला वेगळा. सुरणात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते तोंडाच्या अस्तराला टोचतात. खाजरा सुरण घरातल्या सगळ्यांनाच खाजतो, त्यासाठी अ‍ॅलर्जी असावी लागत नाही. सफरचंद मात्र त्याच टेबलावर बसलेल्या सहा जणांपैकी एकालाच खाजवतं. घरी विचारायचा पहिला प्रश्न म्हणून हा पुरेसा आहे.

विचारपूस

अशा रुग्णाला सफरचंदाबद्दल विचारण्याआधी वसंताबद्दल विचारावं लागतं. याला जर्मनीत पहिले तीन वसंत काहीच झालं नाही. चौथ्या वर्षी मार्चच्या शेवटी शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज सुरू झाली आणि मेच्या मध्यापर्यंत टिकली. त्याने ती सर्दी समजून काढली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, आणि त्याच वर्षाच्या शरदात पहिल्यांदा सफरचंद खाजलं.

हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी नाक, मग तोंड. बर्च हे मध्य आणि उत्तर युरोपात रस्त्यांच्या कडेला, बागांत, जंगलात सगळीकडे असलेलं झाड. दक्षिण जर्मनीत त्याचा मुख्य हंगाम एप्रिल. त्याआधी जानेवारी-फेब्रुवारीपासून हेझल आणि आल्डरचे पराग उडतात. ही झाडं बर्चच्याच कुळातली, म्हणून काहींचं नाक बर्चच्या आधीच वाहायला लागतं. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या शरीराने बर्चचा पराग कधी पाहिलेला नसतो. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायला काही हंगाम घेतं, त्यामुळे स्थलांतर करून आलेल्यांना अ‍ॅलर्जी पहिल्या वर्षी न होता काही वर्षांनी सुरू होते. ‘इतकी वर्षं सफरचंद खातोय, आत्ताच कसं झालं?’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. बदल सफरचंदात झालेला नाही, मधल्या काळात शरीर बर्चला ओळखायला शिकलं आहे.

बर्चची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना अशी कोणती ना कोणती कच्ची फळं-भाज्या खाजवतात. सफरचंद यादीत सर्वांत वर. त्याखालोखाल हेझलनट, चेरी, पीच, जर्दाळू, नासपती, गाजर, सेलरी, किवी. याला हेझलनटही कच्चे खाजत होते, हे विचारल्यावर आठवलं. चॉकलेटमधले चालत होते.

मग विचारायचा तो प्रश्न, ज्यावर हे सगळं प्रकरण फिरतं: शिजवल्यावर चालतं का? त्याचं उत्तर होतं, हो, नेहमीच. हे उत्तर फक्त खाण्यापिण्याच्या सोयीचं नाही. त्यावरून आजार कोणता, हेही बऱ्याच अंशी कळतं.

प्रथिनाची घडी

बर्चच्या परागात बेट व्ही १ नावाचं एक छोटं प्रथिन असतं. व्हिएन्नातल्या संशोधकांनी १९८९ मध्ये त्याची जनुकीय रचना उलगडली, तेव्हा लक्षात आलं की हे वनस्पतींच्या संरक्षण-प्रथिनांच्या एका मोठ्या घराण्यातलं आहे. झाडावर रोग किंवा कीड आली की ही प्रथिनं वाढतात. सफरचंदात याच घराण्याचं मॅल डी १ आहे, गाजरात डाउ सी १, सेलरीत एपी जी १, हेझलनटमध्ये कॉर ए १, सोयाबीनमध्ये ग्लाय एम ४. बर्च आणि गाजर यांचं वनस्पती म्हणून जवळचं नातं काहीच नाही, पण या प्रथिनांचा बाहेरचा आकार इतका सारखा आहे की बर्चविरुद्ध तयार झालेली आयजीई प्रतिपिंडं त्यांनाही पकडतात.

इथे ‘आकार’ हा शब्द नेमका घ्यायचा. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, जी विशिष्ट पद्धतीने घडी पडून बसलेली असते. काही अ‍ॅलर्जींत प्रतिपिंड साखळीतला सलग तुकडा ओळखतं. बेट व्ही १ च्या घराण्यात तसं नाही. इथे प्रतिपिंड घडी पडल्यावर शेजारी आलेले, साखळीत मात्र एकमेकांपासून दूर असलेले भाग मिळून झालेला पृष्ठभाग ओळखतं. घडी मोडली की तो पृष्ठभाग उरतच नाही. साखळी तशीच आहे, प्रथिन वजनाला तेवढंच आहे, पण प्रतिपिंडाला धरायला काही नाही.

उष्णता नेमकं हेच करते. अंड्याचा पांढरा बलक उकडल्यावर घट्ट होतो तेव्हा त्यातल्या प्रथिनांची घडीच मोडलेली असते. सफरचंदातल्या मॅल डी १ ची घडी पाण्याच्या उकळबिंदूच्या बरीच खाली मोडते, म्हणून मंद आचेवर मऊ झालेलं सफरचंदही पुरतं. शुद्ध केलेलं या घराण्यातलं प्रथिन प्रयोगशाळेत तापवून थंड केलं तर ते काही अंशी पुन्हा घडी घालून बसू शकतं. फळात तसं सहसा होत नाही, कारण फळातली साखर आणि पॉलिफेनॉल्स नावाची तुरट द्रव्यं तापल्यावर उघड्या पडलेल्या साखळीला चिकटतात आणि तिला परत जुळू देत नाहीत. कापलेलं सफरचंद तपकिरी पडतं त्यामागेही पॉलिफेनॉल्सचीच क्रिया असते, आणि तीही मॅल डी १ ला थोडंफार निकामी करते. म्हणून किसून तपकिरी होईपर्यंत ठेवलेलं सफरचंद काहींना कमी खाजतं. भरवसा ठेवावा इतकं ते खात्रीचं नाही.

खाज तोंडापुरती का राहते, याचंही कारण हीच नाजूक घडी. चावल्याबरोबर पेशी फुटतात, प्रथिन लाळेत उतरतं आणि ओठ, टाळू, घसा इथल्या मास्ट पेशींवर, म्हणजे हिस्टामिन साठवणाऱ्या संरक्षक पेशींवर, बसलेल्या प्रतिपिंडांना भिडतं. हिस्टामिन सुटतं, खाज येते. पुढे जठरात आम्ल आणि पेप्सिन त्याचे काही मिनिटांत तुकडे करतात. रक्तापर्यंत अखंड प्रथिन फारसं पोहोचत नाही, म्हणून अंगावर गांधी येत नाहीत, रक्तदाब पडत नाही. निदान बहुतेक वेळा नाही. या ‘बहुतेक’मध्ये काय दडलंय ते याच रुग्णाच्या बाबतीत पुढे दिसतं.

सोयाचा शेक

सफरचंदासाठी तो डॉक्टरांकडे गेलाच नव्हता. टाळून निभावत होता. गेला तो वेगळ्याच कारणाने. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी जिममधून आल्यावर उपाशीपोटी त्याने सोया प्रोटीन पावडरचा शेक घेतला: साधारण ३० ग्रॅम पावडर, ३०० मिलिलिटर थंड पाणी, दोन मिनिटांत संपवला. दहा मिनिटांत ओठ आणि पापण्या सुजल्या, आवाज घोगरा झाला, छातीवर गांधी उठल्या. घरच्यांनी ११२ ला फोन केला. रुग्णवाहिकेतच अ‍ॅड्रिनालिन दिलं गेलं, रात्र देखरेखीखाली काढावी लागली.

सोया सॉस, टोफूची भाजी तो वर्षानुवर्षं खात होता. मग शेकनेच का? चार गोष्टी एकत्र आल्या. ग्लाय एम ४ हे सोयाबीनमधलं बर्चचं भावंड सोया सॉससारख्या दीर्घकाळ आंबवलेल्या पदार्थात जवळपास उरत नाही, पण सोया दूध आणि प्रोटीन पावडर यांवर इतकी प्रक्रिया झालेली नसते, तिथे ते टिकतं. दुसरं, प्रमाण. सफरचंदाचा घास खाजला की माणूस थांबतो. शेक मात्र चव कळायच्या आत पोटात जातो, तोंडाला इशारा द्यायला वेळच मिळत नाही. तिसरं, उपाशी पोट आणि नुकताच झालेला व्यायाम, दोन्हींमुळे अखंड प्रथिन रक्तात शिरण्याची शक्यता वाढते. चौथं, एप्रिल: बर्चचा हंगाम ऐन भरात, शरीर आधीच चिथावलेलं.

व्यायामासारखेच आणखी काही घटक आहेत, ज्यांमुळे नेहमीची तोंडापुरती खाज अंगभर पसरू शकते: दारू, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, आणि आम्लपित्तासाठी रोज घेतल्या जाणाऱ्या गोळ्या. शेवटचा घटक हमखास सुटतो. जठरातलं आम्ल कमी केलं की प्रथिनाचे तुकडे करणारी यंत्रणाच मंदावते.

तपासण्या आणि त्यांचा अर्थ

त्वचेची चाचणी करण्याआधी सेटिरिझिनसारख्या अ‍ॅलर्जीवरच्या गोळ्या आठवडाभर बंद ठेवल्या, नाहीतर सगळंच नकारात्मक येतं. मग हाताच्या आतल्या बाजूला थेंब ठेवून टोचणी. एक थेंब हिस्टामिनचा, जो उठलाच पाहिजे. एक मिठाच्या पाण्याचा, जो उठता कामा नये. पंधरा मिनिटांनी मोजमाप. मिठाच्या पाण्यापेक्षा ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांधी म्हणजे सकारात्मक.

बर्चची गांधी ८ मिलिमीटर आली. सफरचंदाच्या तयार अर्काची आली १ मिलिमीटर, म्हणजे नकारात्मक. इथेच बरेच जण फसतात. ‘सफरचंदाची अ‍ॅलर्जी नाही’ असा अहवाल हातात पडतो आणि रुग्णाला वाटतं, आपल्या मनाचे खेळ आहेत. अर्क तयार करताना फळाच्या स्वतःच्याच पॉलिफेनॉल्समुळे मॅल डी १ नासतं, म्हणून बाटलीतला अर्क खोटं बोलतो. उपाय सोपा: रुग्णाने ताजं फळ सोबत न्यायचं. डॉक्टर सुई आधी सफरचंदात खुपसतात आणि लगेच तीच त्वचेला टोचतात. तसं केल्यावर ताज्या गोल्डन डिलिशसची गांधी ६ मिलिमीटर, ताज्या गाजराची ४, आणि दहा मिनिटं शिजवलेल्या सफरचंदाची शून्य. गोल्डन डिलिशस मुद्दाम घेतलं होतं, कारण या जातीत मॅल डी १ भरपूर असतं.

रक्ततपासणीत नुसतं ‘सफरचंद’ न मागता प्रथिनागणिक आयजीई मागवलं. आकडे किलोयुनिट प्रति लिटरमध्ये: बेट व्ही १ विरुद्ध २८, मॅल डी १ विरुद्ध ९, ग्लाय एम ४ विरुद्ध ७. ०.३५ च्या खालचे आकडे सहसा नगण्य धरतात. मॅल डी ३ आणि पीचचं प्रू पी ३ ही दोन्ही ०.१ च्याही खाली. सोयाबीनची ग्लाय एम ५ आणि ६ ही साठवण-प्रथिनंही नकारात्मक.

यातलं खरं मोलाचं म्हणजे नकारात्मक निकाल. मॅल डी ३ हे सफरचंदातलंच, पण अगदी वेगळ्या घराण्याचं प्रथिन आहे. त्याची साखळी चार रासायनिक गाठींनी आवळलेली असते, त्यामुळे ते शिजवून मोडत नाही आणि जठरातही टिकतं. ते बहुतांशी सालीत असतं. त्याची अ‍ॅलर्जी स्पेन, इटली अशा भूमध्य प्रदेशात अधिक दिसते, सुरुवात बहुधा पीचपासून होते, बर्चचा त्यात हात नसतो, आणि त्यातून अंगभर प्रतिक्रिया येण्याचा धोका कितीतरी जास्त. अशा माणसाला ‘शिजवून खा’ हा सल्ला घातक ठरू शकतो. म्हणून नियम असा: शिजवलेल्या सफरचंदानेही, केकमधल्याने किंवा जॅमनेही त्रास झाला असेल, तर बर्चचं निदान बाजूला ठेवायचं आणि मॅल डी ३ तपासेपर्यंत कोणत्याच रूपात ते फळ खायचं नाही.

स्वयंपाकघरात

मॅल डी ३ नकारात्मक आलं, शिजवलेलं आधीपासून पचत होतं, म्हणून या रुग्णाला शिजवलेलं सफरचंद आणि गाजर मोकळेपणाने खायला सांगितलं. पण ‘शिजवलेलं’ म्हणजे नेमकं किती, इथेच गडबड होते.

सफरचंद: मध्यम आकाराचं एक, साधारण १५० ते १८० ग्रॅम. बिया काढून दोन सेंटिमीटरच्या फोडी, पातेल्यात दोन-तीन टेबलस्पून पाणी, झाकण, मंद आच, आठ ते दहा मिनिटं. चमच्याने दाबलं की फोड मोडली पाहिजे. मायक्रोव्हेवमध्ये याच फोडी पसरट बशीत, ८०० वॅटला दीड ते दोन मिनिटं. मध्येच एकदा थांबवून हलवायच्या, कारण मायक्रोव्हेव कडेला जास्त आणि मध्ये कमी तापवतो. बाहेर काढल्यावर फोडींतून वाफ निघत असली पाहिजे आणि सुरी मध्यभागी अडखळता कामा नये. मग थंड करून खाल्लं तरी चालतं. हे ज्यांना ताज्या फळासारखं कुरकुरीत हवं असतं त्यांची निराशा होते, पण कुरकुरीतपणा उरला असेल तर बहुधा प्रथिनही उरलेलं असतं.

अख्खं सफरचंद भट्टीत भाजलं तर बाहेरून फुटलेलं दिसतं आणि गाभ्याशी कच्चं राहू शकतं. केकवर वरून लावलेल्या जाड चकत्यांचंही तेच. अशा पदार्थाने खाजलं म्हणजे लगेच मॅल डी ३ चा संशय घेण्याआधी मधला भाग मऊ होता का, हे विचारायचं.

गाजर जास्त हट्टी आहे. दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढलेलं, दाताखाली करकरणारं गाजर अर्धकच्चंच समजायचं. एक सेंटिमीटरच्या तुकड्यांना झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं, किंवा कुकरच्या दोन शिट्ट्या. हलव्यात गाजर किसलेलं असतं आणि दुधात अर्धा-पाऊण तास आटतं, म्हणून तो सर्वांत निर्धोक.

मराठी स्वयंपाकघरातला फसवा पदार्थ म्हणजे गाजराची कोशिंबीर. वरून कडकडीत फोडणी घातलेली असते, त्यामुळे ती ‘शिजली’ असं वाटतं. पण चमचाभर तेलात वाटीभर किसाला गरम करण्याइतकी उष्णता नसते. वरचा थर चुरचुरतो, खालचा कीस गार राहतो. या रुग्णाला नेमकी हीच कोशिंबीर खाजली होती आणि त्याने दोष मोहरीला दिला होता. गाजराचं ताजं लोणचंही कच्च्यातच धरायचं. फ्रीझरमध्ये ठेवून काही होत नाही, गोठवणं ही घडी मोडत नाही. ताजा काढलेला रस आणि स्मूदी तर फळापेक्षा वाईट: प्रमाण मोठं, चावणं नाही, गिळणं जलद. बाटलीबंद रस चालतो तो पाश्चरीकरणात तापवलेला असतो म्हणून.

गाजर सोलताना हात खाजणं, नाकात शिंका येणं आणि त्याच हाताने डोळा चोळल्यावर तो लाल होणं हेही याच प्रकरणाचा भाग आहे. कच्च्या बटाट्यानेही काहींना असं होतं. हातमोजे पुरतात.

कच्चं सफरचंद खायचंच असेल तर जातीनुसार फरक पडतो. गोल्डन डिलिशस आणि ग्रॅनी स्मिथ सहसा जास्त खाजतात. बोस्कोपसारख्या आंबट, पॉलिफेनॉल्सने समृद्ध जुन्या जाती आणि नेदरलँड्समध्ये काढलेली सान्ताना अनेकांना सोसते. झाडावरून नुकतं काढलेलं फळ महिनोन्‌महिने शीतगृहात राहिलेल्यापेक्षा बहुधा सौम्य. आता नेमकी गंमत अशी की युरोपात एप्रिलमध्ये मिळणारी तिथली सफरचंदं आदल्या शरदातली साठवलेली असतात, म्हणजे नाक सर्वांत बेजार असतं तेव्हाच फळही सर्वांत वाईट. या रुग्णासाठी ही सवलत हंगामाबाहेर, तोंडापुरती खाज होती तोपर्यंत ठीक होती. सोयाच्या प्रसंगानंतर डॉक्टरांनी ती काढून घेतली.

शिजवणं कुठे पुरत नाही

सेलरीचा कंद जर्मनीत सूप आणि मसाल्यांच्या मिश्रणात सर्रास असतो. त्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी काहींना तो शिजवून, अगदी वाळवून पूड केलेलाही सोसत नाही. हे विशेषतः मगवर्ट या रानटी झुडपाच्या परागाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांत दिसतं. त्यांना गाजराबरोबर त्याच कुळातले धणे, बडीशेप, जिरे यांचाही त्रास होऊ शकतो. याची मगवर्टची चाचणी नकारात्मक होती, म्हणून मसाल्याच्या डब्याला हात लावायची गरज पडली नाही. हेझलनट भाजल्यावर बर्चवाल्यांपैकी बऱ्याच जणांना सोसतात, सगळ्यांना नाही. शिवाय त्यांत उष्णतेला दाद न देणारी साठवण-प्रथिनंही आहेत, म्हणून तिथे स्वतंत्र तपासणी लागते.

आणि एक बारीक गोष्ट. घडी मोडली तरी साखळीचे तुकडे शाबूत असतात, आणि टी पेशी नावाच्या रोगप्रतिकारक पेशी घडी न पाहता तुकडेच ओळखतात. बर्चची अ‍ॅलर्जी आणि जोडीला एक्झिमा असलेल्या काही रुग्णांना शिजवलेल्या सफरचंदाने, गाजराने तोंड खाजत नाही, पण नंतर, दुसऱ्या दिवसापर्यंत, त्वचा बिघडते, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवलं गेलं. एक्झिमा कारण नसताना चाळवत असेल, तर दोन-तीन आठवडे शिजवलेलंही बंद करून पाहायला हरकत नाही.

रुग्णाला दिलेली योजना

सोया दूध, सोया प्रोटीन, एडामामे म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, हे कायमचं बंद. सोया सॉस चालू. कच्चं सफरचंद, गाजर, हेझलनट बंद. वर सांगितल्याप्रमाणे शिजवलेलं सफरचंद आणि गाजर चालू. न खाजणारी कच्ची फळं, म्हणजे त्याच्या बाबतीत केळी, संत्री, द्राक्षं, उगाच बंद करायची नाहीत. रक्तात एखाद्या फळाविरुद्ध आयजीई सापडली, पण ते खाऊन कधीच त्रास झाला नाही, तर ते फळ टाळायचं कारण नाही. अहवाल पाहून अर्धी मंडई सोडून देणारे रुग्ण कमी नाहीत.

अंगभर प्रतिक्रिया एकदा येऊन गेल्यामुळे ०.३ मिलिग्रॅमची अ‍ॅड्रिनालिनची दोन इंजेक्शन-पेनं जवळ ठेवायची. खाजेपलीकडचं काहीही, म्हणजे आवाज बदलणं, श्वास अडकणं, अंगावर गांधी आणि त्यासोबत उलटी किंवा चक्कर, दिसलं की मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर टोचायचं आणि मग ११२. नुसती तोंडातली खाज असेल तर घास थुंकायचा, चूळ भरायची, सेटिरिझिन १० मिलिग्रॅम घेतली तर चालेल. फळ खाता यावं म्हणून आधीच ही गोळी घेऊन बसायचं नाही. तिने खाज दबते आणि थांबायचा इशाराच नाहीसा होतो.

बर्चच्या परागासाठी त्याने तीन वर्षांची इम्युनोथेरपी, म्हणजे परागाचाच अर्क देत राहून शरीराला त्याची सवय लावणारा उपचार, सुरू केली, पण ती नाकासाठी. तिने सफरचंदही सोसायला लागेल, असं कोणी आश्वासन देऊ नये. काहींना फरक पडतो, काहींना अजिबात नाही. व्हिएन्नात जिभेखाली थेट मॅल डी १ देऊन केलेल्या चाचणीचे निकाल २०१८ मध्ये आले आणि ते आशादायक होते, पण ते अजून नेहमीच्या दवाखान्यात मिळणारं औषध नाही.

तोच रुग्ण नाशिकला

डिसेंबरात सुट्टीवर गेल्यावर त्याला सफरचंद जरा कमी खाजलं, कारण हवेत बर्च नाही. प्रतिपिंडं मात्र सोबतच गेलेली असतात, खाज पूर्ण जात नाही, आणि सोयाचा धोकाही तिथे तसाच राहतो.

जो कधी महाराष्ट्राबाहेर राहिलाच नाही त्याला सफरचंद खाजलं, तर हे सगळं जसंच्या तसं लावता येत नाही. भारतातलं बर्च म्हणजे हिमालयात उंचावर वाढणारं भोजपत्राचं झाड. सह्याद्रीच्या हवेत त्याचा पराग नसतो. इथे गवताच्या परागाची अ‍ॅलर्जी आणि त्यातून येणारी प्रोफिलिन नावाच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं हा विचार आधी करायला हवा. तिथे खरबूज, कलिंगड, केळं, टोमॅटो हेही सोबत खाजतात. प्रोफिलिनही शिजवल्यावर मोडतं, म्हणून सल्ला पुष्कळसा सारखाच येतो. गाजर गवताचा पराग आणि गाजर यांचा संबंध मात्र जोडायला जाऊ नये. ते सूर्यफुलाच्या कुळातलं तण आहे, पानं गाजरासारखी दिसतात इतकंच. आणि इथेही शिजवलेल्या सफरचंदाने त्रास होत असेल, तर फळ बंद करून मॅल डी ३ ची तपासणी आधी.